घड्या पडलेलं जुनं खरेदीखत मोबाइलने स्कॅन करायचंय, सावली आणि तिरक्या ओळी जात नाहीत

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी.

आजोबांनी १९६८ साली घेतलेल्या शेताचं मूळ खरेदीखत घरात आहे. भावाभावांची वाटणी चालू आहे, म्हणून वकिलांनी त्याची पीडीएफ मागितली. तीन कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, म्हणजे सहा पानं. ए-फोरपेक्षा लांब कागद आहे, लीगल साइजचा. हाताने शाईत लिहिलंय, शाई आता तपकिरी झालीय. जागोजागी जांभळे शिक्के. पेटीत कायम आठ घड्या करून ठेवलेलं होतं, त्यामुळे कागद सपाट बसतच नाही.

रात्री जेवणं झाल्यावर हॉलच्या फरशीवर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात अ‍ॅपने स्कॅन केलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वकिलांच्या कारकुनाचा सकाळी फोन: डावी बाजू काळी आहे, ओळी उतरत्या आहेत, मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या पानावरचा सर्व्हे नंबर वाचता येत नाही. सहाही पानांची एकच पीडीएफ हवी, ५ एमबीच्या आत.

दुकानात नेऊन स्कॅन करायला वडील तयार नाहीत. कागद घराबाहेर जाणार नाही, विषय संपला. म्हणजे जे काही करायचं ते मोबाइलवरच. कुणी केलंय का असं काम?

केळीवाला_रावेर

दादा, एवढा उपद्व्याप कशाला? डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. तो काढा आणि पाठवा. आम्ही पीककर्जाला तोच दिला, कुणी काही विचारलं नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

आप्पा, सातबारा दिलाय आधीच. त्यांना खरेदीखतच हवंय. चतुःसीमा आणि कुणाचा किती हिस्सा ते त्यात लिहिलंय, सातबाऱ्यावर ते नाही.

भुसावळ_झेरॉक्स

काय भो, सोपं आहे. माझ्या दुकानात रोज हेच चालतं. फ्लॅश चालू करा म्हणजे सावली मरते. अ‍ॅपमध्ये चारही कोपरे ओढून बरोबर लावा, तिरकेपणा अ‍ॅप काढतं. मग ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर मारा. पांढरं स्वच्छ पान, काळी अक्षरं, साइज पण एकदम कमी. सहा पानं ५ एमबी काय, एका एमबीत बसवतो मी.

एक मात्र वडिलांचं बरोबर आहे. असा जुना कागद फीडरच्या मशीनमध्ये घालू नका. रोलरमध्ये घडीवर फाटतो.

वैशाली_धुळे

भुसावळच्या दादांचं कोपऱ्यांचं आणि फीडरचं बरोबर आहे. फ्लॅश आणि फिल्टरबद्दल नंतर भांडू :)

मी काही वर्षं जुन्या पोथ्या आणि दप्तरांचे फोटो काढायचं काम केलंय, त्यावरून सांगते. आधी उजेडाचं बघू, कारण तुमच्या चार तक्रारींपैकी दोन तिथेच आहेत.

ट्यूब डोक्यावर आणि तुम्ही कागदावर वाकलेले, म्हणजे दिवा आणि कागद यांच्या मध्ये तुमचं डोकं, हात आणि फोन आला. ती डावी काळी बाजू बहुतेक तुमच्याच खांद्याची असणार. रात्री हे टळत नाही, म्हणून रात्रीचा नाद सोडा. शिवाय काही स्वस्त एलईडी दिव्यांत आडवे फिकट-गडद पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

दिवसा ओसरीत बसा, जिथे आकाश दिसतं पण ऊन येत नाही अशा जागी. उत्तरेकडचं दार असेल तर फारच छान. उन्हात अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हात कागद डोळ्याला स्वच्छ दिसतो, पण फोनची सावली चाकूने कापल्यासारखी पडते आणि प्रत्येक सुरकुती काळी होते. झाडाखालीही नको, पानांचे ठिपके कागदावर उतरतात.  लाल शर्टही टाळा, त्याची झाक पांढऱ्या कागदावर येते.

आता घड्यांचं. घडी म्हणजे कागदावरचा छोटा बांध. उजेड बांधाला आडवा आला की पलीकडे सावली पडते, बांधाच्या रेषेत आला की पडत नाही. म्हणून कागद फिरवून बघा. तुमच्या कागदाला आडव्या आणि उभ्या दोन्ही घड्या असणार. ज्या घडीवर मजकूर जास्त गेलाय, ती दाराच्या दिशेने ठेवा. उरलेल्या घडीसाठी दाराच्या समोरच्या बाजूला, कागदापासून हातभर अंतरावर, पांढरं धोतर किंवा चादर खुर्चीवर टांगा. तिथून परतलेला उजेड सावलीच्या बाजूला पडतो आणि घडीची रेघ बरीच फिकी होते.

मागची अक्षरं पुढे दिसतात त्याचं कारण तुमची पांढरी फरशी. उजेड पातळ कागदातून आरपार जातो, फरशीवरून उलटून परत वर येतो आणि येताना मागचा मजकूर घेऊन येतो. कागदाखाली काळा कार्डशीट पेपर ठेवा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. कागद किंचित मळकट दिसेल, पण मागचा मजकूर दबेल. अ‍ॅपला कडा ओळखायलाही तोच काळा कागद उपयोगी पडेल. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं तर ते बिचारं फरशीच्या सांध्यालाच कागदाची कड समजतं.

केळीवाला_रावेर

वैनी, काळा कागद कशाला, आमच्याकडे कडप्प्याचा ओटा आहे की. नाहीतर घोंगडी.

वैशाली_धुळे

कडप्पा पॉलिश नसेल तर चालेल. पॉलिशच्या ओट्यात खिडकी दिसते, मग कड ओळखताना पुन्हा गडबड. घोंगडी मऊ आहे, त्यावर कागद आणखी वाकडा बसतो. खाली काहीतरी टणक हवंच.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, आज सकाळी ओसरीत केलं. काळी बाजू गेली. मागची अक्षरं अगदी पुसट राहिलीत, लक्ष दिलं तरच दिसतात. माले वाटनं नव्हतं की नुसत्या काळ्या कागदाने एवढा फरक पडेल.

पण ओळी अजून सरळ नाहीत. चार कोपरे अगदी बरोबर लावले तरी मधल्या ओळी लाटेसारख्या जातात. आणि पानाचा वरचा भाग खालच्यापेक्षा पुसट येतो. असं का?

वैशाली_धुळे

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

वरचा भाग पुसट येतो म्हणजे तुम्ही फोन तिरका धरताय. स्वतःची सावली चुकवायला माणूस मागे सरकतो आणि फोन पुढे कलतो. मग कागदाची जवळची कड फोटोत मोठी येते, लांबची लहान. अ‍ॅप ते ओढून चौकोन करतं, पण लांबच्या कडेला फोटोत मुळात कमी ठिपके होते. ताणल्याने चौकोन होतो, तपशील येत नाही. म्हणून कोपरे ओढणं हा शेवटचा हात आहे, आधी फोन कागदाला समांतर हवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. बऱ्याच फोनमध्ये फोन खाली बघायला लागला की दोन अधिकची चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर बसली की फोन सपाट झाला. ती नसतील तर ग्रिडच्या रेषा आणि कागदाच्या चारही कडा जुळवा. डावी-उजवी कड समांतर दिसतेय म्हणजे काम झालं.

लाटेचं कारण कागदच. कोपरे जुळवण्याचं गणित असं धरून चालतं की कागद सपाट आहे. घडीवर उठलेला कागद सपाट नाही, त्यामुळे कोपरे कितीही अचूक लावा, मधली लाट तशीच राहणार. तिथे कागदच बसवावा लागतो.

शिरपूरची_सून

इस्त्री फिरवा ना. वर सुती कापड ठेवून हलक्या हाताने. आमच्या सासूबाईंची पत्रिका मी तशीच सरळ केली होती.

वैशाली_धुळे

ताई, नको हो. पत्रिका छापील असते. इथे जुनी शाई आणि रबरी शिक्के आहेत, आणि घडीवरचा कागद आधीच ठिसूळ झालेला असतो. उष्णतेने तो आणखी कडक होतो आणि पुढच्या घडीला तुटतो. ओलावा तर अजिबातच नको, शिक्क्याची जांभळी शाई पाण्याने पसरते.

बोरीकाठ दादा, दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि त्यावर वजन, असं एक-दोन दिवस राहू द्या. पूर्ण सपाट होणार नाही, पण उठाव निम्म्याने तरी कमी होईल. मग फोटो काढताना चार कडांवर चार पट्ट्या किंवा जड नाणी, मजकुराच्या बाहेर. काहीही चिकटवू नका, सेलोटेप तर मुळीच नाही.

भुसावळ_झेरॉक्स

काच ठेवा वर. फोटो फ्रेमची काच काढा आणि ठेवा. एका मिनिटात सपाट. वजनाची दोन दिवस वाट कशाला बघायची.

वैशाली_धुळे

काच चालते, पण काचेत आकाश दिसतं. मग त्याची एक युक्ती सांगते. फोटो काढण्याआधी घरातला दुसरा फोन स्क्रीन बंद करून कागदाच्या जागी आडवा ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यातून त्या काळ्या स्क्रीनकडे बघा. त्यात दार, आकाश, दिवा काही चमकताना दिसलं, तर त्या जागी कागदावर चमक येणार. दुसरा फोन कागदाच्या पूर्ण जागेवर फिरवून बघा. सगळीकडे काळाच दिसला की काच बिनधास्त ठेवा. उजेड डोक्यावरून न येता बाजूने, खालून तिरपा येत असेल तर सहसा जमतं. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यांनाही हेच.

आणि दादा, म्हणूनच फ्लॅश नको. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, तो सरळ कागदावर आपटून सरळ लेन्समध्ये परततो. मध्यभागी पांढरा डाग, कडा अंधाऱ्या.

भुसावळ_झेरॉक्स

माझ्या दुकानातल्या कागदांना नाही येत डाग.

वैशाली_धुळे

झेरॉक्सचा साधा खरखरीत कागद असेल तर कमी येतो, खरंय. गुळगुळीत किंवा काचेखालच्या कागदाला येणारच.

चोपडेकर_पुण्यात

मध्येच बोलतो. सावली आणि चमक यांत एक मूलभूत फरक आहे, तो कळला की कशाची काळजी करायची ते आपोआप ठरतं.

सावलीत कागद १०० ऐवजी ४० इतका उजळ दिसतो, पण अक्षरं त्याच प्रमाणात आणखी काळी असतात. माहिती शाबूत आहे. अ‍ॅपचं सावली काढणं म्हणजे एवढंच की फोटोची एक खूप धूसर प्रत करायची, तिला कागदाचा उजेड मानायचं, आणि मूळ फोटोला तिने भागायचं. संगणक असेल तर इमेजमॅजिक नावाच्या प्रोग्रॅममध्ये हेच एका ओळीत होतं:

```
magick pan3.jpg -colorspace Gray \( +clone -blur 0x50 \) -compose Divide_Src -composite pan3_saf.jpg
```

(ही ओळ लिनक्स आणि मॅकसाठी. विंडोजवर कंसाआधीचे उलटे तिरपे काढून टाका.)

चमकेच्या जागी मात्र सगळंच २५५, म्हणजे फोटोतला सर्वांत पांढरा रंग. कागद पण, अक्षर पण. तिथे भागायला काही उरलेलंच नाही. कुठलंही अ‍ॅप ते परत आणू शकत नाही. म्हणून मऊ सावली थोडी राहिली तर मी सोडून देतो, चमक दिसली तर फोटो परत काढतो. कडक, धारदार सावलीलाही हा उपाय नीट लागत नाही, तिच्या कडेची रेघ मागे राहते. ताईंनी ऊन टाळायला सांगितलं ते त्यासाठी पण महत्त्वाचं.

बोरीकाठ (अमळनेर)

संगणक नाही दादा, पण मुद्दा समजला.

आता हात हलण्याचं काय करू? समांतर धरायला गेलो की हात लांबवावे लागतात आणि फोन थरथरतो.

केळीवाला_रावेर

आता मी खरी आयडिया सांगतो. प्लॅस्टिकचा स्टूल घ्या, ज्याच्या मधोमध भोक असतं. फोन स्टुलावर स्क्रीन वर करून ठेवा, मागची लेन्स भोकावर, कागद खाली जमिनीवर. स्टूल सपाट, जमीन सपाट, म्हणजे फोन आपोआप समांतर. हात लावायचा प्रश्नच नाही. माझ्या पोराने अभ्यासाच्या वह्या अशाच पाठवल्या मित्राला.

वैशाली_धुळे

आप्पा, ही खरंच चांगली युक्ती आहे, आणि स्टुलाच्या पायांमधून बाजूने उजेडही येतो. फक्त उंची बघा.

साधा स्टूल दीड फूट, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. तेवढ्यावरून नेहमीचा मुख्य कॅमेरा सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची जागा बघतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीला ४००० ठिपके असतात. ते ६० सेंटिमीटरवर वाटले तर इंचाला १७० पडले. छापील मजकुराला पुरतील, तुमच्या बारीक हस्ताक्षराला कमी. तेच अंतर ३० सेंटिमीटर केलं तर फोटोत ४० सेंटिमीटर जागा मावते, इंचाला अडीचशे ठिपके येतात, आणि तुमचा साडेपस्तीस सेंटिमीटरचा लीगल कागदही बरोबर बसतो. म्हणून स्टुलाखाली अर्धा फूट उंचीचं टणक खोकं ठेवा, त्यावर काळा कागद, त्यावर खरेदीखत. आणखी जवळ जाऊ नका. एकतर कागद मावणार नाही, आणि काही फोन फार जवळ गेलं की स्वतःहून दुसऱ्या, रुंद लेन्सवर जातात. त्यात कोपऱ्यांची अक्षरं पसरतात.

भोक लहान असेल तर फोटोच्या कडेला प्लॅस्टिकची गोल कड दिसेल. तेवढी कापली गेली तरी चालेल, पण मजकुरावर आली तर भोक थोडं मोठं करा किंवा दोन खुर्च्यांवर फळी टाकून फोन फळीच्या बाहेर काढा.

बटण बोटाने दाबू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा. आणि लेन्स आधी मऊ कापडाने पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर कायम बोटाचा तेलकट थर असतो, त्याने सगळं पानच धुरकट येतं आणि माणूस उजेडाला दोष देत बसतो.

मास्तरीण_शहादा

माझाही प्रश्न इथेच विचारते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आहे, जाड बांधणीचं. माजी विद्यार्थी जातपडताळणीसाठी नोंदीची प्रत मागायला येतात. पन्नासच्या दशकातल्या पानांवर ‘प. खानदेश’ असा शिक्का आहे, इतका फिकट की स्कॅनमध्ये तो येतच नाही. आणि बांधणीच्या बाजूला कागद आत वळतो, तिथे अनुक्रमांक आहे, नेमका तोच वाकडा येतो. रजिस्टर पूर्ण उघडलं तर शिवण सुटेल.

वैशाली_धुळे

मास्तरीणबाई, पूर्ण उघडूच नका. अर्धवट उघडा आणि न लागणाऱ्या बाजूखाली पुस्तकं रचून तिला टेकू द्या, म्हणजे लागणारं पान सपाट पडेल. मग कॅमेरा फक्त त्या एका पानाला समांतर ठेवा. दोन पानं एका फोटोत घ्यायचा मोह सोडा. उजेड बांधणीच्या रेषेत, म्हणजे पुस्तकाच्या डोक्याकडून यायला हवा. बांधणीतला शेवटचा सेंटिमीटर तरीही वळलेला राहतो, तो मला कधीच पूर्ण सरळ करता आला नाही. अनुक्रमांकाचा वेगळा, जवळून फोटो जोडत होते मी.

शिक्क्याचं उत्तर फिल्टरमध्ये आहे. रंगीत ठेवा.

भुसावळ_झेरॉक्स

आता आलो मी मुद्द्यावर. रंगीत ठेवलं की साइज वाढते आणि पान पिवळं दिसतं. ऑफिसात पिवळं पान दिलं की म्हणतात, नीट स्कॅन करून आणा. ब्लॅक अँड व्हाइटच बरोबर.

वैशाली_धुळे

दादा, साइजबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. छापील अर्ज, गुणपत्रिका, बिल असेल तर मीसुद्धा ब्लॅक अँड व्हाइटच करीन. पण त्या फिल्टरमध्ये प्रत्येक ठिपक्याचा एकच निर्णय होतो, काळा की पांढरा. मधलं काही नाही. फिकी तपकिरी शाई आणि फिका जांभळा शिक्का बहुतेक वेळा पांढऱ्याच्या बाजूला जातात. मग घडीची रेघ काळी आणि अक्षर गायब, असं उलटंच होतं.

आपल्या लिपीत आणखी एक घोळ आहे. काही अ‍ॅप कचऱ्याचे बारीक ठिपके साफ करतात. अनुस्वारही त्याच मापाचा ठिपका असतो. रफार आणि पहिली वेलांटी बारीक असली की तीही तुटते. मराठी वाचणारा माणूस संदर्भाने भरून काढेल, पण आकड्यांना संदर्भ नसतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असेल तर मधला दशांश ठिपका गेला की १.२१ चे १२१ झाले.

म्हणून बोरीकाठ दादांसाठी माझं मत: शिक्के आणि मुद्रांक असलेली पानं रंगीत, बाकी ग्रेस्केल, म्हणजे रंग नाहीत पण मधल्या राखाडी छटा राहतात. साइज जास्त झाली तर इंचाला २०० ठिपक्यांपर्यंत लहान करा, पण दर्जाची पट्टी तळाला ओढू नका. तसं केलं की अक्षरांभोवती धुळीसारखे चौकोन उमटतात.

भुसावळ_झेरॉक्स

बघू. माझ्या गिऱ्हाइकांचं काम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये होतं, एवढं मला माहीत आहे. पण दशांश ठिपक्याचं बोललात ते खरं, एकाचं बँकेतून परत आलं होतं.

केळीवाला_रावेर

अ‍ॅप कुठलं वापरायचं ते कुणी सांगितलंच नाही. मी कॅमस्कॅनर वापरायचो, ते २०२० च्या जूनमध्ये बंदी आलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये गेलं.

चोपडेकर_पुण्यात

अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्यात स्कॅन होतं. आयफोनवर नोट्समध्येच सोय आहे. वॉटरमार्क नाही, पैसे नाहीत. मी मात्र जमिनीच्या कागदांना आधी साध्या कॅमेऱ्याने फोटो काढतो आणि मग तो अ‍ॅपमध्ये घेतो. म्हणजे फिल्टरने काही खाल्लं तरी मूळ फोटो हातात राहतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते बारीक करून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, दोन दिवस वजनाखाली ठेवून आज परत केलं. स्टूल, खाली खोकं, काळा कागद, ओसरी, समोर पांढरं धोतर. वडील शेजारी बसून होते, कागदाला हात फक्त त्यांनी लावला.

पहिलं आणि शेवटचं पान रंगीत, मधली चार ग्रेस्केल. पीडीएफ ४ एमबीच्या आत बसली. ओळी सरळ आल्या. तिसरं पान सोडून बाकी सगळं मोबाइलवरसुद्धा मोठं न करता वाचता येतं.

तिसऱ्या पानाचं सांगतो. ‘सर्व्हे नंबर’नंतरचा आकडा बरोबर उभ्या आणि आडव्या घडीच्या चौकात आहे. पहिले दोन आकडे स्पष्ट, तिसरा एक वाटतो की नऊ ते कळत नाही, कारण घडीवर कागदाचा वरचा थरच निघालाय. त्या जागेचा जवळून वेगळा फोटो काढला, उजेड चारही बाजूंनी फिरवून बघितला. एका बाजूने नऊचं पोट असल्यासारखं वाटतं, दुसऱ्या बाजूने नुसती सुरकुती.

चोपडेकर_पुण्यात

चारही फोटो जपून ठेवा, पण पीडीएफमध्ये कुठलाही एक निवडून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका. वाढवलात तर सुरकुतीचंच नऊ होईल आणि समोरचा वकील तेच धरून बसेल.

वैशाली_धुळे

अगदी. शाई निघून गेली असेल तर कॅमेरा काय वाचणार. अशा वेळी उजेड मुद्दाम एका बाजूने, अगदी जमिनीलगत टाकून बघतात. टाकाने लिहिताना कागदावर दाब पडलेला असेल तर तो चर दिसतो. एरवी टाळतो तीच सावली इथे कामाला येते. पण थरच निघाला असेल तर चरही गेला.

शिरपूरची_सून

मग दुय्यम निबंधकांकडून नक्कल का नाही काढत? दस्त नोंदणी झालेला असेल तर त्यांच्या पुस्तकात त्याची प्रत असते. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे अर्ज केला की स्थावराच्या दस्ताची सहीशिक्क्याची नक्कल कुणालाही मिळते. आमच्या वेळी आम्ही तेच केलं. दस्त क्रमांक आणि साल पहिल्या पानावरच्या शिक्क्यात असतं, तो तर तुम्ही रंगीत स्कॅन केलाय.

बोरीकाठ (अमळनेर)

वैनी, हे भारी सांगितलं. शिक्का बघितला, साल दिसतं, दस्त क्रमांकाचा शेवटचा आकडा थोडा पुसट आहे पण वाचता येतो. सोमवारी जाऊन अर्ज देतो. कारकुनाला तोवर ही पीडीएफ आणि तिसऱ्या पानाचे जवळचे फोटो पाठवले.

भुसावळ_झेरॉक्स

तिसरं पान एकदा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करून बघा की. कदाचित दिसेल.

वैशाली_धुळे

दादा!! :)

मास्तरीण_शहादा

मी आज रजिस्टर अर्धवट उघडून, खाली पुस्तकं लावून केलं. ‘प. खानदेश’ रंगीतमध्ये आलं, फिकट पण वाचता येतं. बांधणीतला अनुक्रमांक अजून वाकडाच. तिथे पातळ आरसा किंवा काचेची पट्टी आत सरकवून कुणी फोटो काढलाय का? शिवणीला धक्का न लावता करायचंय.